आरडीचा आकडा एक्सेलमध्ये जुळत नाही तेव्हा

"पोस्टात दरमहा ५,००० रुपयांची पाच वर्षांची आरडी काढली आहे, व्याज ६.७ टक्के. मुदत संपल्यावर ३,५६,८२९ रुपये मिळतील असं काउंटरवर सांगितलं. घरी एक्सेलमध्ये =FV(6.7%/12,60,-5000) टाकून बघितलं तर ३,५५,१९९ आले. मैत्रीण म्हणाली शेवटी १ टाक, तर ३,५७,१८२ झाले. आधी कमी, आता जास्त. खरा आकडा कोणता, आणि तो एक्सेलमध्ये आणायचा कसा?"
— एक वाचक

काउंटरवरचा आकडा खरा आहे, आणि एक्सेलनेही काही चूक केलेली नाही. त्याला जे विचारलं त्याचंच उत्तर त्याने दिलं. तुमच्या पहिल्या सूत्रात दोन चुका होत्या आणि त्या उलट दिशांना ओढत होत्या. एकीमुळे रक्कम १,९८३ रुपयांनी कमी दिसत होती, दुसरीमुळे ३५३ रुपयांनी जास्त. दोन्ही मिळून फरक दिसला १,६३० रुपयांचा. मैत्रिणीचा सल्ला योग्यच होता, पण त्याने पहिली चूक गेली आणि दुसरी उघडी पडली.

पोस्टाचा आकडा देणारं सूत्र हे:

```
=FV((1+6.7%/4)^(1/3)-1,60,-5000,0,1)
```

हे जसंच्या तसं एखाद्या रिकाम्या सेलमध्ये टाका, ३,५६,८२९ रुपये आणि वर काही पैसे येतील. आता यातला प्रत्येक तुकडा तिथे का आहे ते बघू, म्हणजे पुढच्या वेळी दर किंवा मुदत बदलली तरी अडणार नाही.

आधी शेवटचा १. FV च्या कंसात पाच जागा असतात आणि एक्सेल त्यांची नावं टाइप करतानाच दाखवतं: rate, nper, pmt, pv, type. म्हणजे एका कालखंडाचा दर, एकूण कालखंड, दर कालखंडाचा हप्ता, सुरुवातीला एकरकमी ठेवलेले पैसे, आणि हप्ता कालखंडाच्या सुरुवातीला भरता की शेवटी. ही पाचवी जागा मोकळी सोडली की एक्सेल तिथे शून्य धरतं, आणि शून्य म्हणजे हप्ता महिन्याच्या शेवटी. कर्जाचा हप्ता तसाच असतो, आधी महिना वापरायचा मग भरायचं. आरडीत उलटं आहे. खातं उघडलं त्याच दिवशी पहिला हप्ता जातो आणि साठावा हप्ताही मुदतपूर्तीच्या एक महिना आधी भरलेला असतो.

एवढ्याशा फरकाने जवळजवळ दोन हजार रुपये कसे हलतात, असं वाटेल. नुसतं बोटांवर मोजून पाहा. type शून्य असेल तर हप्ते अनुक्रमे ५९, ५८, ५७ असे करत शेवटचा शून्य महिने खात्यात राहतो, म्हणजे साठावे ५,००० रुपये मुदत संपण्याच्या दिवशीच भरायचे आणि लगेच परत घ्यायचे! type १ असेल तर हप्ते ६०, ५९, ५८ असे करत शेवटचा एक महिना राहतो. दोन्ही यादींमधले ५९ ते १ हे सगळे सारखेच. फरक फक्त टोकांचा: एकीकडे पूर्ण ६० महिने राहिलेला हप्ता आहे, दुसरीकडे व्याजच न मिळालेला. तुमच्या दराने ६० महिने राहिलेल्या ५,००० चे ६,९८३ होतात. त्यातून कोरे ५,००० वजा केले की १,९८३. तुमच्या दोन आकड्यांमधला फरक बरोबर तेवढाच आहे.

आता दुसरी चूक, जी जास्त चकवते कारण 6.7%/12 दिसायला अगदी सरळ वाटतं. वार्षिक दराला बाराने भागलं की महिन्याचा दर मिळाला, यात चुकीचं काय? चुकीचं हे की असं केल्यावर FV दर महिन्याला व्याजावर व्याज धरतं. पोस्टाच्या आरडीत आणि आपल्या बहुतेक बँकांच्या आरडीत व्याज तिमाही चक्रवाढ असतं. ६.७ टक्क्यांचा अर्थ तिमाहीला १.६७५ टक्के, एवढाच. बाराने भागून येणारा महिन्याचा दर ०.५५८३ टक्के आहे, आणि तो तीन महिने चक्रवाढीने चालवला की तिमाहीला १.६८४४ टक्के होतात. म्हणजे पोस्टाने कबूल न केलेलं थोडं जास्तीचं व्याज तुम्ही मागत होता. वर्षाच्या हिशेबात पाहिलं तर मासिक चक्रवाढीने ६.९१ टक्के पडतात, तिमाही चक्रवाढीने ६.८७.

मग महिन्याचा असा दर हवा की जो तीन वेळा चढवला की बरोबर १.६७५ टक्के व्हावेत. त्यासाठी १.०१६७५ चं घनमूळ घ्यायचं आणि त्यातून १ वजा करायचा. सूत्रातलं (1+6.7%/4)^(1/3)-1 हे एवढंच करतं. उत्तर येतं ०.५५५२ टक्के. बाराने भागलेल्या दरापेक्षा हा किंचित लहान आहे, पण साठ हप्त्यांवर त्या किंचिताचे ३५३ रुपये होतात.

इथे एक पर्याय बऱ्याच जणांना सुचतो: व्याज तिमाही आहे ना, मग वीस तिमाही घेऊ आणि दर तिमाहीला १५,००० भरतोय असं समजू.

```
=FV(6.7%/4,20,-15000,0,1)
```

याचं उत्तर ३,५८,८०७ येतं, म्हणजे जवळजवळ दोन हजारांनी जास्त. कारण उघड आहे. यात तिन्ही हप्ते तिमाहीच्या पहिल्याच दिवशी भरलेले धरले जातात, प्रत्यक्षात दुसरा एक महिन्याने आणि तिसरा दोन महिन्यांनी जातो. शेवटचा १ काढून शून्य केलात तर ३,५२,८९६ येतात, ते तर आणखी लांब. हप्ता मासिक असेल तर कालखंडही मासिकच ठेवायचा आणि जुळवाजुळव दरात करायची, हीच सरळ वाट आहे.

रोजच्या वापरासाठी सगळं एका सेलमध्ये कोंबू नका. सहा सेल करा, म्हणजे दर बदलला तर एकच जागा बदलावी लागेल आणि चूक झाली तर ती कुठे झाली ते डोळ्यांना दिसेल. B1 मध्ये हप्ता 5000, B2 मध्ये दर 6.7%, B3 मध्ये महिने 60. त्याखाली:

```
B4:  =(1+B2/4)^(1/3)-1
B5:  =FV(B4,B3,-B1,0,1)
B6:  =B5-B1*B3
```

B4 मध्ये महिन्याचा दर येईल. तो सेल टक्क्यांत दाखवायला सांगा आणि दशांशस्थळं चार करा, नाहीतर एक्सेल तो पूर्णांकात आणून १ टक्का असा दाखवेल आणि उगाच घाबरायला होईल. B5 मध्ये मुदतपूर्तीची रक्कम, B6 मध्ये निव्वळ व्याज, तुमच्या बाबतीत ५६,८२९.

B2 भरताना टक्क्याचं चिन्ह हातानेच टाका. साध्या सेलमध्ये नुसतं 6.7 लिहिलं तर एक्सेलच्या लेखी ते ६७० टक्के असतं. ही चूक निदान लपत नाही, उत्तर इतकं राक्षसी येतं की लगेच कळतं. जी कशीबशी विश्वासार्ह वाटते ती दुसरीच: दराला कशानेच न भागता FV(6.7%,60,-5000,0,1) लिहिणं. त्यात ६.७ टक्के दर महिन्याला मिळतात आणि रक्कम ३८ लाखांच्या पुढे जाते. उलट मुदतीच्या जागी ६० ऐवजी ५ लिहिलं तर २५ हजार चारशेच्या आसपास उत्तर येतं, कारण FV ला वाटतं फक्त पाचच हप्ते भरायचे आहेत. सोपी कसोटी अशी ठेवा की भरलेली एकूण रक्कम तीन लाख आहे, उत्तर त्याच्या खाली आलं किंवा दुपटीच्याही वर गेलं तर दर आणि महिने यांची गल्लत झाली आहे.

उणे चिन्हाचं कोडंही सोडवून टाकू. एक्सेलमध्ये तुमच्या हातातून जाणारे पैसे उणे आणि हातात येणारे अधिक. हप्ता जातो म्हणून -B1, रक्कम येते म्हणून उत्तर अधिक. उणे विसरलात तर उत्तर तेवढंच येईल, फक्त उणे चिन्हासह, लाल रंगात किंवा कंसात. आकडा चुकलेला नसतो, दिशा चुकलेली असते.

खरी दगाबाज चूक स्वल्पविरामाची. चौथी जागा, म्हणजे pv, आरडीत शून्यच असते, त्यामुळे ती गाळून थेट १ लिहायचा मोह होतो:

```
=FV(B4,B3,-B1,1)
```

एक्सेल तक्रार करत नाही. ते त्या १ ला pv समजतं आणि type शून्य धरतं. उत्तर येतं ३,५४,८५७. योग्य रकमेपेक्षा १,९७२ रुपये कमी, पण दिसायला अगदी रास्त. अशा वेळी माणूस दर तपासत बसतो आणि दोष स्वल्पविरामात असतो. म्हणून pv च्या जागी 0 स्पष्ट लिहायची सवय बरी, नुसते दोन स्वल्पविराम चालतात तरीसुद्धा. आणि तुमच्या संगणकावर स्वल्पविरामाने सूत्र स्वीकारलंच जात नसेल तर तिथली प्रादेशिक सेटिंग अर्धविराम मागत असते, मग सगळीकडे ; टाका.

उत्तरावर विश्वास बसत नसेल तर साठ ओळींचा खातेउतारा स्वतःच तयार करा, दहा मिनिटांचं काम आहे. D2 मध्ये पहिल्या महिन्याची शिल्लक, D3 मध्ये दुसऱ्याची:

```
D2:  =$B$1*(1+$B$4)
D3:  =(D2+$B$1)*(1+$B$4)
```

D3 पकडून D61 पर्यंत खाली ओढा. पहिल्या महिनाअखेर ५,०२७.७६ दिसतील, दुसऱ्या अखेर १०,०८३.४४, तिसऱ्या अखेर १५,१६७.१९, आणि D61 मध्ये तोच B5 चा आकडा. D3 मध्ये आधी हप्ता मिळवून मग व्याज चढवलं आहे, तेच type १. आधी व्याज चढवून मग हप्ता मिळवला असता तर ते type शून्य झालं असतं. कंस कुठे पडला यावरच दोन हजार ठरतात.

हाच उतारा आणखी एका शंकेचं उत्तर देतो. कुठल्या तरी बँकेच्या आरडीत, सगळं जसंच्या तसं असूनही, तुम्हाला ३,५६,८३६ असा आकडा दिसू शकतो, म्हणजे सात रुपये जास्त. तो गोंधळ नव्हे. तिथे तिमाहीच्या आत साधं व्याज मोजलेलं असतं आणि चक्रवाढ फक्त तिमाही संपताना होते. पहिल्या हप्त्याला तीन महिन्यांचं सरळव्याज, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. असं केल्यावर पहिल्या तिमाहीअखेर १५,१६७.५० होतात. आपल्या घनमुळाच्या हिशेबाने १५,१६७.१९ होते. दर तिमाहीला हे एकतीस पैसे, त्यावर पुढे व्याज, वीस तिमाहींत सात रुपये. ही पद्धत एक्सेलमध्ये हवी असेल आणि मुदत तिमाहींच्या पटीत असेल तर तीन हप्त्यांचं व्याजासह गाठोडं बांधून ते FV ला तिमाहीच्या शेवटचा हप्ता म्हणून द्यायचं:

```
=FV(B2/4,B3/3,-B1*(3+6*B2/12),0,0)
```

यातला 6 म्हणजे ३+२+१ महिने. इथे type शून्य आहे, कारण त्या गाठोड्यात तिमाहीअखेरपर्यंतचं व्याज आधीच आलेलं आहे. आपला आकडा आणि बँकेचा आकडा यांत पाच-दहा रुपयांचा फरक असेल तर कारण हे किंवा पैसे पूर्ण रुपयांत धरणं. शेकड्यांत असेल तर चक्रवाढीचा काळ चुकलाय. दोन हजारांच्या घरात असेल तर type. फरकाचा आकार पाहूनच दुखणं ओळखता येतं, निदान या रकमेच्या आरडीत.

पोस्टाच्या बाबतीत दराची चिंता करू नका. हा ६.७ टक्के दर ऑक्टोबर २०२३ पासून उघडलेल्या नव्या खात्यांना लागू झाला. सरकार दर तिमाहीला अल्पबचतीचे दर नव्याने जाहीर करतं खरं, पण आरडीला खातं उघडतानाचा दर पूर्ण पाच वर्षं कायम राहतो. म्हणून B2 मध्ये एकच आकडा पुरतो.

FV ला मात्र एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे चुकलेला हप्ता. साठही हप्ते वेळेवर गेले असं ते गृहीत धरतं. पोस्टात हप्ता राहिला तर दर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया भरावा लागतो, म्हणजे तुमच्या खात्याला ५० रुपये. हा भुर्दंड वरून जातो, तो B5 मधून वजा करू नका, वेगळा लिहून ठेवा. तीन वर्षांनंतर खातं मध्येच बंद केलं तर व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं, तेव्हा B2 मध्ये ६.७ ठेवून आणि B3 मध्ये ४० लिहून काढलेली रक्कम हातात येणार नाही. आणि FV चं उत्तर करापूर्वीचं असतं, व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जातं.

आता एक गैरसमज, जो हा आकडा पाहिल्यावर हमखास होतो. तीन लाखांवर ५६,८२९ व्याज म्हणजे १८.९४ टक्के, भागिले पाच, वर्षाला जेमतेम ३.८ टक्के, मग ६.७ गेले कुठे? गेले नाहीत. तीन लाख पाच वर्षं खात्यात नव्हतेच. पहिला हप्ता साठ महिने होता, शेवटचा एकच महिना, सरासरी साडेतीस महिने. कुणी फक्त हप्ता आणि मुदतपूर्तीची रक्कम सांगितली, दर सांगितलाच नाही, तर तो असा उलटा काढा:

```
=4*((1+RATE(60,-5000,0,356829,1))^3-1)
```

सेल टक्क्यांत ठेवला की ६.७० दिसतील. RATE ने दिलेला मासिक दर तीन महिने चढवून तिमाहीचा केला आणि चारने गुणला, म्हणजे B4 चाच प्रवास उलटा. सोसायटी किंवा पतपेढीच्या जाहिरातीतला "इतके भरा, इतके मिळवा" हा हिशेब बँकेच्या दराशेजारी ठेवायचा असेल तर हेच सूत्र वापरा, फक्त ६०, ५००० आणि शेवटची रक्कम बदला.

आणि पाच वर्षांनी पाच लाखच हवे असतील तर हप्ता किती, हे PMT सांगतं:

```
=ROUNDUP(PMT(B4,B3,0,-500000,1),-1)
```

आतला आकडा ७,००६.१५ येतो. पोस्टात हप्ता दहाच्या पटीत लागतो, म्हणून ROUNDUP ने तो ७,०१० केला. B1 मध्ये 7010 लिहा, B5 मध्ये ५,००,२७४ दिसतील.